पूल टॉवेलवरचे नारिंगी डाग आणि जानेवारीतली बैठक

प्रश्न: मी फोंड्याला एका पुरवठादार कंपनीत आहे. हॉटेलांना लाँड्रीची आणि किचनची केमिकल्स देतो. दक्षिण गोव्यातलं एक समुद्रकाठचं हॉटेल म्हणजे आमच्या धंद्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. दर तीन महिन्यांनी रिव्ह्यू घेतो, पण ते लोक घड्याळाकडे बघत बसतात. काही नवीन सुचवलं की "परत विकायला आलात ना?" म्हणतात. न सुचवावं तर धंदा वाढत नाही. रिव्ह्यू कसा घ्यायचा, आणि जास्तीची विक्री ओढूनताणून न वाटता कशी करायची?

उत्तर:

मी याच धंद्यात 19 वर्षं आहे, म्हणून हॉटेल लाँड्रीपुरतंच बोलतो. एकाच हॉटेलची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यात आहेत.

आधी तुमच्या बैठकीबद्दल. ते लोक घड्याळ बघतात, कारण तुम्ही बहुधा त्यांना तुमचाच माल दाखवता: किती कॅन दिले, किती व्हिजिट केल्या, कुठलं नवीन प्रॉडक्ट आलंय. त्यातलं काहीच त्यांच्या कामाचं नसतं. हाउसकीपिंगच्या प्रमुख बाईंना सकाळी प्रश्न पडतो तो वेगळाच. बारा वाजेपर्यंत पूलवर टॉवेल पुरतील का, आणि पाहुणा मळकट टॉवेल घेऊन रिसेप्शनला येणार नाही ना? तुमची बैठक या प्रश्नापासून सुरू झाली तर घड्याळ आपोआप विसरलं जातं.

त्यासाठी मी एकच कागद नेतो, स्लाइड नाहीत. कागदावर चार ओळी असतात. तीन महिन्यांत किती किलो कपडा धुतला, त्यातला किती दुसऱ्यांदा धुवावा लागला, किलोमागे धुण्याचा खर्च किती आला, आणि आमच्याकडून काय चुकलं. बैठकीत मी चौथी ओळ पहिल्यांदा वाचतो. कधी माल दोन दिवस उशिरा आला, कधी मशीनला केमिकल मोजून देणारा डोसिंग पंप बंद पडला आणि आमचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी पोचला, ते तारखेसकट. आपली चूक आपणच सांगितली की समोरच्याला ती उकरून काढायची गरज उरत नाही आणि पुढचे आकडे तो विश्वासानं ऐकतो. मात्र एखादी तक्रार अजून मिटलेली नसेल, तर त्या बैठकीत नवीन काहीही सुचवायचं नाही. पंप बंद पडून पडलाय आणि तुम्ही दुसऱ्या पंपाचं बोलताय, हे कोणाला आवडेल?

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ दुसरी, रिवॉशची. माझ्या अनुभवात बरी चाललेली लाँड्री तीन ते पाच टक्क्यांत असते. आठच्या वर गेली की कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असतं, आणि ते बहुधा केमिकलमध्ये नसून पाण्यात, मशीन ठासून भरण्यात किंवा कपडे वेगळे न करण्यात असतं. हा आकडा तुमच्याकडे नसतो, तो त्यांच्या लाँड्रीतल्या वहीत असतो. म्हणून बैठकीच्या आदल्या दिवशी मी लाँड्रीत जाऊन दोन तास बसतो.

ज्या हॉटेलबद्दल बोलतोय ते 120 खोल्यांचं, दक्षिण गोव्यातल्या साष्टीच्या किनाऱ्यावरचं. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. नववर्षाची गर्दी नुकतीच ओसरली होती. लाँड्री इनचार्जना सगळे मामा म्हणतात. त्यांनी वही पुढे सरकवली. दिवसाला सरासरी 600 किलो कपडा, रिवॉश आठ टक्के. पण मी ओळी वेगळ्या काढल्या तेव्हा दिसलं की चादरी ठीक आहेत आणि सगळा भार पूल टॉवेलांचा आहे. रोजच्या 110 किलो टॉवेलांपैकी 28 टक्के, म्हणजे जवळपास 31 किलो, परत मशीनमध्ये जात होते. डिसेंबरात हाच आकडा 12 टक्के होता.

मामा हळू आवाजात म्हणाले, "बाब, हे उद्या वर दाखवू नका. पोरं नवीन आहेत, माझ्यावर येईल."

इथे बरेच विक्रेते घाई करतात. जनरल मॅनेजरसमोर 28 टक्के टाकले की खळबळ उडेल आणि आपलं सोल्यूशन खपेल, असं त्यांना वाटतं. खळबळ उडतेही. पण त्यानंतर तो लाँड्री इनचार्ज तुम्हाला वही कधीच दाखवत नाही, आणि वहीशिवाय तुमच्या बैठकीत दम नसतो. मी मामांना सांगितलं, "आकडा लपवणार नाही, पण कारण शोधल्याशिवाय दाखवणारही नाही." मग आम्ही दोघं टॉवेलांच्या ढिगाशी गेलो.

डाग नारिंगी-पिवळे होते आणि बहुतेक टॉवेलच्या मधल्या पट्ट्यात, जिथे पाठ आणि मान टेकते. हे सनस्क्रीनचं लक्षण. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन नावाचा घटक असतो. पाण्यात लोह असेल तर त्याच्याशी मिळून तो गंजासारखा रंग धरतो. ब्लीचनं तो जात नाही. उलट पाण्यात विरघळलेलं लोह क्लोरीनमुळे घट्ट होऊन कपड्यावर बसतं आणि डाग आणखी पक्का होतो. मामांची पोरं डाग गेला नाही म्हणून दुसऱ्या धुण्यात क्लोरीन वाढवत होती. दरवेळी टॉवेल थोडा अधिक पिवळा आणि अधिक कच्चा होऊन बाहेर येत होता.

पण सनस्क्रीन डिसेंबरातही होतंच, मग आकडा जानेवारीतच का उडाला? मी चीफ इंजिनिअरकडे गेलो आणि त्यांची पंपांची लॉगबुक मागितली. 3 जानेवारीपासून लाँड्रीच्या टाकीला बोअरचं पाणी जोडलेलं होतं, कारण नळाचं पाणी तेवढ्या गर्दीला पुरेना. दोन वह्या शेजारी ठेवल्या. रिवॉशचा आकडा 5 तारखेपासून चढत गेला होता. गोव्याची जांभ्याची माती लोहानं भरलेली, त्यामुळे बोअरच्या पाण्यात लोह येणं इथे नवल नाही. किटनं तपासलं तर बोअरमध्ये लिटरला 0.9 मिलिग्रॅम लोह निघालं. लाँड्रीच्या पाण्यात ते 0.1 च्या आत असावं. नळाच्या पाण्यात ते जवळजवळ नव्हतंच.

खात्रीसाठी एक सोपी परीक्षा करतात. डागाचा भाग ओला करायचा आणि त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाचे दोन थेंब टाकायचे. डाग लोहाचा असेल तर काही मिनिटांत फिका पडतो, नुसता तेलाचा असेल तर तसाच राहतो. हातमोजे घालून करायचं, ते विषारी आहे. आणि क्लोरीन ब्लीच लागलेल्या ओल्या कपड्यावर कुठलंही ॲसिड कधीही टाकायचं नाही, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. टॉवेल आधी स्वच्छ पाण्यात धुवून घ्यायचा. मामांच्या समोर डाग विरघळला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. दोष पोरांचा नव्हता, पाण्याचा होता.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत आकडा मी सांगितलाच नाही, मामांनीच सांगितला. कारणही त्यांनीच सांगितलं आणि दोन वह्या इंजिनिअरनी उघडल्या. मी फक्त नुकसानीचा हिशोब मांडला. पाणी, वीज, मजुरी, केमिकल असं सगळं धरून त्या हॉटेलला किलोमागे 22 रुपये खर्च येत होता. रोजच्या 31 किलो रिवॉशचे महिन्याला साधारण 20 हजार झाले. शिवाय महिन्याला 40 टॉवेल बाद होत होते, एक 450 रुपयांचा, म्हणजे आणखी 18 हजार.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे लोह काढणारा फिल्टर होता, किंमत बसवून 1 लाख 60 हजार. महिना 38 हजारांचं नुकसान समोर मांडलेलं. त्याच क्षणी कोटेशन ठेवलं असतं तर बहुधा सही झाली असती. मी ठेवलं नाही, कारण हे नुकसान फिल्टर न घेताही बरंच कमी होणार होतं आणि ते मला माहीत होतं.

आधी फुकटचा उपाय सुचवला. पूल टॉवेल वेगळे धुवा, त्यांना क्लोरीन बंद करा, सनस्क्रीनच्या तेलासाठी सुरुवातीला डिटर्जंट जास्त असलेलं गरम प्रीवॉश द्या. क्लोरीन काढलं की जंतूंचं काय, असा प्रश्न हाउसकीपिंगच्या बाईंनी लगेच विचारला आणि तो रास्तच होता. त्यासाठी मुख्य धुणं 65 डिग्रीला किमान 10 मिनिटं ठेवायचं ठरलं. ऑक्सिजन ब्लीचही मी नको म्हटलं, कारण कपड्यात लोह असताना त्यातल्या पेरॉक्साइडनं त्या जागी धागा जळून बारीक भोकं पडतात. टॉवेलचं क्लोरीन बंद झाल्यानं आमचं बिल त्या महिन्यात थोडं खालीच आलं. रिवॉश मात्र 28 वरून 17 टक्क्यांवर आला.

मग फेब्रुवारीत मी एक चाचणी मागितली, तीही बैठकीत नव्हे, तर मामांकडे जाऊन. एका मशीनवर पंधरा दिवस शेवटच्या पाण्यात लोह धरून ठेवणारं सौम्य ॲसिड द्यायचं, ज्याला लाँड्रीत सावर म्हणतात. दुसरं मशीन जसंच्या तसं. माल आमचा, पैसे नाहीत. रोजची नोंद मामांच्या वहीत, मामांच्या अक्षरात. हे मुद्दाम केलं, कारण विक्रेत्याच्या लॅपटॉपमधल्या आकड्यावर परचेसवाला शंका घेतो, स्वतःच्या माणसाच्या वहीवर घेत नाही. सावरच्या मशीनवर रिवॉश 11 टक्के आला, दुसऱ्यावर 17 च राहिला. खर्च किलोमागे 60 पैसे वाढला. मामांनी स्वतः परचेसला मागणी लिहिली, "सावर दोन्ही मशीनला हवा, पंपासह." आमच्या बिलात महिन्याला जेमतेम दोन हजारांची वाढ झाली. रक्कम लहान, पण ही विक्री आम्ही केली नाही, त्यांनी खरेदी केली. तुम्हाला जे नैसर्गिक वाटणारं हवंय ते हेच.

फिल्टरचा विषय मे महिन्याच्या बैठकीत जनरल मॅनेजरनीच काढला. "इंजिनिअर म्हणतो तुमच्याकडे फिल्टर आहे. घ्यायचा का?" मी त्यांच्यासमोर हिशोब केला. रिवॉश 11 वरून 6 वर येईल, महिन्याचे बाद टॉवेल, जे आता 15 वर आले होते, ते पाचेकवर येतील, महिन्याला आठेक हजार वाचतील. पण बोअर वर्षातले पाचच महिने चालतो, जानेवारी ते मे. म्हणजे वर्षाला 40 हजार. पैसे वसूल व्हायला चार वर्षं. मी म्हटलं, "नुसत्या टॉवेलांच्या हिशोबावर घेऊ नका."

हे बोलताना मला जड गेलं हे मान्य करतो. त्या तिमाहीचं टार्गेट अपुरं होतं. पण त्याआधी काही वर्षांपूर्वी मी एका हॉटेलला वॉटर सॉफ्टनर विकला होता. त्यांच्या नळाच्या पाण्यात कडकपणा मुळातच कमी होता. मी स्वतः मोजला नव्हता, कंपनीच्या छापील पत्रकावर विसंबलो. आठ महिन्यांनी त्यांच्या नव्या इंजिनिअरनी पाणी तपासलं आणि मला बोलावून रिपोर्ट पुढे ठेवला. तो सॉफ्टनर बंद पडून राहिला आणि वर्ष संपताच त्यांचं केमिकलचं कंत्राटही गेलं. एका मशीनच्या विक्रीपायी रोजचा धंदा घालवला. तेव्हापासून वसुलीचा हिशोब मी ग्राहकाच्या आकड्यांनी करतो, आणि तो बसत नसेल तर तसं सांगतो.

पुढच्या जानेवारीत बाईंनी बैठकीत स्वतःचा कागद आणला. वर्षात 140 चादरी बाद झाल्या होत्या, एक 900 रुपयांची, आणि त्यातल्या निम्म्या पिवळ्या पडल्यामुळे. चादरींचा रिवॉश दिसत नव्हता, कारण पिवळेपणा एका धुण्यात येत नाही, महिनोन्महिने साचतो. माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. 70 चादरींचे 63 हजार आणि टॉवेलांचे 40 हजार, म्हणजे वर्षाला लाखभर. फिल्टरचे पैसे दीड वर्षाच्या आसपास वसूल. आता तो घेण्यासारखा होता आणि त्यांनी घेतला.

जानेवारी आणि मे हे महिने मी का निवडतो, तेही सांगतो, कारण दर तीन महिन्यांचं कॅलेंडर गोव्यातल्या हॉटेलला बसत नाही. ऑक्टोबर ते मार्च त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, त्यात डिसेंबरात तर कोणी भेटतच नाही. मी वर्षात तीनच बैठका घेतो. जानेवारीच्या मध्यात पहिली, कारण गर्दीतली दुखणी ताजी असतात आणि एप्रिलपासूनच्या बजेटमध्ये मशीनची मागणी टाकायला अजून वेळ असतो. मेच्या अखेरीस दुसरी, कारण पावसात खोल्या रिकाम्या असतात आणि पाइप, टाक्या, मशीन यांना हात लावता येतो. आणि तिसरी गणपतीच्या चवथीनंतर, सप्टेंबरात. चवथीला लाँड्रीतली अर्धी पोरं गावाला जातात, काही परततच नाहीत. नवी पोरं आलेली असतात. त्या बैठकीत मी विक्रीचं काही बोलत नाही, तीन तास लाँड्रीत उभं राहून पोरांना कपडे कसे वेगळे करायचे आणि मशीन किती भरायचं ते शिकवतो. सीझनची निम्मी रिवॉश तिथेच वाचते.

बैठकीला कोण असावं याची मी अट घालतो: हाउसकीपिंग, लाँड्री, इंजिनिअरिंग आणि परचेस, चौघं, 40 मिनिटं. वर्षातून निदान एकदा, जानेवारीत, जनरल मॅनेजर किंवा फायनान्सचे प्रमुखही. एकट्या परचेसबरोबर बसलात तर बोलणं दरावरच येणार, कारण त्यांच्या हातात तेवढंच असतं.

दोन बैठकांच्या मधल्या काळात मी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवतो: किलोमागे आमचा माल किती लागतोय. कपडा तेवढाच आणि माल कमी उचलला जात असेल, तर एक तर डोसिंग बिघडलंय, नाही तर स्टोअरमध्ये दुसऱ्याचा कॅन आलाय. मी फोनवर विचारत नाही, लाँड्रीत जातो. एकदा पंपाची नळी चिरली होती आणि पोरं मगानं अंदाजे माल ओतत होती. एकदा खरंच दुसऱ्याचा कॅन होता, आणि कारण विचारल्यावर कळलं की आमचा माल दोनदा उशिरा आला होता. ते आमच्याच चौथ्या ओळीत होतं, पण आम्ही सुधारलं नव्हतं.

या पद्धतीची एक मर्यादा तुम्हाला लवकरच भेटेल. तुमचं हॉटेल एखाद्या साखळीचं असेल तर मोठी खरेदी मुंबई-दिल्लीच्या ऑफिसातून होते. इथल्या बाईंना पटलं तरी सही त्यांची नसते. अशा ठिकाणी बैठकीनंतर दोन दिवसांत एक पान पाठवा, त्यांच्याच आकड्यांचं, त्यांनी वर जसंच्या तसं पुढे पाठवावं असं. त्यात आपल्या कंपनीची ओळख, फोटो, काही नको. समस्या, चाचणीचा निकाल, खर्च, वसुलीचा काळ, आणि फायदा कुठे होणार नाही ते. हेच पान माणसं बदलतात तेव्हाही उपयोगी पडतं. हॉटेलातले लोक दोन-तीन वर्षांत हलतात. नवीन बाई आल्या की मी मागच्या सगळ्या बैठकांची पानं फाइलला लावून देतो, म्हणजे सुरुवात शून्यापासून होत नाही.

तुम्ही आत्ता लगेच करायचं ते असं: पुढच्या बैठकीची तारीख एकदा पुढे ढकला, आणि त्याआधी लाँड्रीच्या वहीसोबत दोन तास मागून घ्या. रिवॉशची नोंदच होत नसेल, तर एक छापील वही तुम्ही द्या. तारीख, कपड्याचा प्रकार, किलो, रिवॉश किलो, पाणी नळाचं की बोअरचं, एवढेच रकाने. महिनाभर भरू द्या. तोवर काही सुचवू नका.

त्या हॉटेलातला फिल्टर अजून चालू आहे. त्याला उलटं पाणी सोडून धुवावं लागतं, ते चुकलं की लोह पुन्हा पुढे येतं. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या पोरांनी दोन आठवडे ते केलं नव्हतं, आणि आम्हाला ते कळलं मामांच्या वहीतून, टॉवेलचा आकडा 6 वरून 9 झाला तेव्हा. आता मेच्या बैठकीत पहिली ओळ बॅकवॉशच्या तारखांची असते, आणि ती इंजिनिअर वाचतात.